इरप्पा हयात असेपर्यंत

आमच्या घरात एका माणसाच्या तब्येतीची चौकशी करणं फार अवघड होऊन बसलं होतं, त्याची ही हकीकत. मी तेव्हा कॉलेजात होते आणि जगातल्या बहुतेक गोष्टी मला समजल्या आहेत अशी माझी खात्री होती. आता साठी उलटून गेली. सकाळी गुडघे धरून उठताना जाणवतं, की त्या वर्षांत मला सगळ्यात जास्त काही आलं असेल तर कंटाळा. दुःख फार नव्हतं, भांडणंही मोठी झाली नाहीत. एका गोष्टीचा निकाल लागत नव्हता आणि ती रोज सकाळी चहाबरोबर आमच्यासमोर येऊन बसत होती.

आम्ही राहत होतो तो बंगला माझ्या आत्याचा, म्हणजे अण्णांच्या मोठ्या बहिणीचा. सगळे तिला आक्काच म्हणायचे. ती बाळंतपणाची डॉक्टर. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची हिंमत घरात कोणाला नव्हती. होटगी रोडच्या बाजूला, तिकडे नुसती माळरानं होती तेव्हा, तिने प्लॉट घेऊन पुढे दवाखान्याच्या दोन खोल्या, मागे राहायच्या चार आणि अगदी मागे भिंतीला लागून एक सुटी खोली बांधली. त्या खोलीला आक्का आऊटहाऊस म्हणायची आणि आई ‘मागची खोली’. अण्णा शाळेत मास्तर. आम्ही आधी भाड्याच्या घरात होतो. आक्काचे सांधे धरायला लागल्यावर तिने आम्हाला बोलावून घेतलं. बोलावलं म्हणजे हुकूमच केला.

त्या घरातले आवाज मला अजून ऐकू येतात. दुपारी पलीकडच्या वस्तीतल्या यंत्रमागांची एकसुरी खटखट, ती थांबली की उलट दचकायला व्हायचं. ज्या दिवशी नळाला पाणी यायचं त्या दिवशी पहाटे बादल्यांचा खडखडाट. सोलापुरात पाणी रोज येत नाही. तेव्हा येत नव्हतं, आताही येत नाही. त्यामुळे आमच्या घरात वारांपेक्षा पाण्याचे दिवस जास्त लक्षात राहायचे. आणि आईच्या स्वयंपाकघरातला शेंगाची चटणी कुटायचा आवाज. लोखंडी खलबत्ता, भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, आणि तेल सुटेपर्यंत कुटत राहायचं. ‘हात दुखला की चटणी झाली,’ असं आई म्हणायची. त्या चटणीबरोबर कडक भाकरी आणि दही असलं की आक्का भाजीला हात लावायची नाही.

आणि इरप्पा. तो अक्कलकोटच्या पलीकडचा, घरी कानडी बोलणारा. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली. तिला गाडीतून आणलं ते आक्काच्या दवाखान्यात, आणि फार उशिरा आणलं. बाईही राहिली नाही, मूलही नाही. सगळं आवरून तो गावी गेला आणि थोड्याच दिवसांत परत येऊन फाटकाशी उभा राहिला. ‘काय पाहिजे?’ म्हणून आक्काने विचारलं, तर म्हणाला, काम द्या. आक्काने झाडू दिला. तेव्हापासून तो तिथेच. झाडलोट, बाग, पाणी भरणं, अवेळी आलेल्या बायकांसाठी फाटक उघडणं, रिक्षा आणणं, हे सगळं त्याच्याकडे. मी त्याला मामा म्हणायची आणि तो मला ताई. उंच, काटकुळा, कपाळाला विभूती, आणि बोलणं इतकं कमी, की आई गमतीने म्हणायची, याचे शब्दही पाण्यासारखे चार दिवसांनी येतात.

इतकी वर्षं बंगल्यात राहूनही इरप्पाला स्वतःची खोली नव्हती, आणि पुढे सगळं याच गोष्टीवर आलं. मागची खोली त्याचीच म्हणायची, पण तिच्यात दवाखान्यातलं जुनं सामान भरलेलं. मोडक्या खाटा, गंजलेलं टेबल, ज्वारीची पोती, आक्काची मासिकं. इरप्पाची पत्र्याची पेटी तेवढी दाराशी. तो झोपायचा बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात, काठी उशाला घेऊन. राखणदाराने दारात झोपायचं, असा त्याचा हिशेब. आम्हालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. सवयीच्या गोष्टी डोळ्यांसमोर असूनही दिसत नाहीत.

आक्का गेली ती उन्हाळ्यात. बाराव्यानंतर तिचे वकील घरी आले. वैद्य वकील. आवाज बसलेला, स्वभाव घड्याळासारखा. पुण्याहून काका आले होते. आक्काने मृत्युपत्र करून ठेवलं होतं. दोन साक्षीदारांसमोर सही केलेलं आणि निबंधकाच्या कचेरीत नोंदवलेलं. मृत्युपत्र नोंदवावंच लागतं असं नाही, पण आक्काला पक्कं काम लागायचं. बंगला आणि जमीन दोघा भावांना, निम्मी निम्मी. दागिने माझ्या आईला आणि काकूला. आणि मग वकिलांनी घसा खाकरून एक परिच्छेद वाचला. तो पुढे इतक्यांदा वाचावा लागला, की मला आजही जवळजवळ पाठ आहे. बंगल्याच्या मागील एक खोली, तिच्यापुढील ओटा, लगतची न्हाणी व संडास यांत श्री. इरप्पा यांस त्यांच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क राहील. नळाचे पाणी, वीज, आणि फाटकापासून खोलीपर्यंत जाण्यायेण्याची वाट त्यांनी वापरावी. खोलीची दुरुस्ती व घरपट्टी मालकांनी करावी. हा हक्क त्यांस विकता, गहाण टाकता, भाड्याने देता अगर वारसांस देता येणार नाही. आणि शेवटी एक ओळ, वकिलांच्या भाषेत न बसणारी, म्हणजे आक्काने सांगून घालायला लावलेली: त्यांनी कोणतेही काम करावे अशी अट नाही.

इरप्पा दाराशी उभा होता. वाचून झाल्यावर सगळे त्याच्याकडे बघायला लागले तसा तो पाणी आणायला निघून गेला. काकांनी वकिलांना विचारलं, म्हणजे खोली त्याच्या मालकीची झाली का? वकील म्हणाले, नाही. मालक तुम्ही दोघं भाऊ. पण तो जिवंत आहे तोवर तुमची मालकी त्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर थांबते. तुम्ही त्याला काढू शकत नाही, भाडं मागू शकत नाही, कुलूप घालू शकत नाही. बंगला विकायचा तर विका, पण घेणाऱ्यालाही इरप्पासकट घ्यावा लागेल. तो गेला, की त्या क्षणी हक्क संपला. त्याच्या पुतण्याला तिथे चूल मांडता येणार नाही. मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, म्हणजे प्रोबेट, घ्यावा लागेल का, असं काकांनी विचारलं. वकील म्हणाले, ती सक्ती मुंबईला आहे, आपल्या सोलापुरात त्याची गरज नाही. दोन महिन्यांनी सिटी सर्व्हेच्या ऑफिसातून मालमत्ता पत्रकाचा उतारा आला. धारक म्हणून अण्णांचं आणि काकांचं नाव, आणि इतर भाराच्या रकान्यात इरप्पाचं. ‘भार’ हा सरकारी शब्द आहे, त्यात कोणाचा काही हेतू नसतो. पण तो कागद बघताना आई एकदम म्हणाली, ‘एवढ्या काटकुळ्या माणसाचा कसला भार,’ आणि आम्ही हसलो. त्यानंतर त्या विषयावर फार हसणं झालं नाही.

मला वाटलं होतं, आता इरप्पा खोलीत राहायला जाईल. तो गेला नाही. रात्री व्हरांड्यातच. मी त्याला बसवून तो परिच्छेद वाचून दाखवला. मराठी त्याला बोलता यायचं, वाचता यायचं नाही. सही तो कानडीत करायचा. कामाची अट नाही, ही ओळ मी दोनदा वाचली. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘ताई, काम न करता कुटं कोण ठेवतं का? डाक्टरबाईंनी मायेनं लिवलंय ते. मी आत दार लावून झोपलो तर फाटक कोण बघंल?’ त्याच्या डोक्यात असं बसलं होतं, की खोलीत पाय ठेवणं म्हणजे राखण सोडणं, आणि राखण सोडली की घराशी नातं सुटलं. मृत्युपत्राने दिलेली खोली घ्यायची तर आक्काने दिलेलं काम सोडावं लागतं, असा त्याने स्वतःच्या मनाशी कायदा करून घेतला होता. त्याला समजावताना मी हरले. आणि खरं सांगायचं तर खोली रिकामी करायचा उत्साह आमच्यात कोणालाच नव्हता. अण्णा म्हणायचे, सुट्टीत बघू. सुट्टी यायची आणि जायची.

त्या काळातला शीण कसा सांगावा? आक्का असताना घराला एक मालक होता. आता दोन होते, आणि त्यातला एक पुण्याला. नळ गळायला लागला तरी काकांना फोन. फाटकाला रंग द्यायचा तरी फोन. आईची कंबर त्याच वर्षी धरली. पाण्याच्या दिवशी इरप्पा आणि ती पहाटेपासून बादल्या भरायचे. एकदा ती म्हणाली, ‘इरप्पा, तुम्ही आता काम नाही केलंत तरी चालतं, माहीत आहे ना?’ तर त्याचा चेहरा एवढासा झाला. त्याला वाटलं, काढून टाकताहेत. आईने पुन्हा तो विषय काढला नाही. उपकार कोणाचे कोणावर, हेच कळेनासं झालं होतं.

मग गिऱ्हाईक आलं. अकलूजकडचे एक डॉक्टर. त्यांना सोलापुरात दवाखाना थाटायचा होता, रस्त्यालगतची जागा हवी होती. भाव चांगला येत होता. काका लगेच आले. काका वाईट माणूस नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा गोष्टींत पुण्याच्या काकांना वाईट करून टाकणं फार सोपं असतं. त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरत होतं आणि दोन खोल्यांच्या घरात सून आणायची होती. अण्णाही दमले होते. निवृत्ती जवळ आली होती, एवढा बंगला झाडूनपुसून त्यात तिघांनी राहायचं कशाला, असं त्यांनाही वाटायला लागलं होतं. पण डॉक्टरांच्या वकिलाने उतारा बघितला आणि सांगितलं, हा माणूस पत्रकावर असेपर्यंत आम्ही घेणार नाही. त्याने स्वतःहून हक्क सोडला तरच. तेही तोंडी चालत नाही. स्थावरातला हक्क आहे, हक्कसोडपत्र नोंदवूनच झालं पाहिजे.

काकांनी वैद्य वकिलांपुढे एक मुद्दा मांडून बघितला, की तो त्या खोलीत कधी राहिलाच नाही, तर हक्क कसला? वकिलांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, हक्क मृत्युपत्रातून आलाय, झोपण्यातून नाही. तो राहायला गेला नाही म्हणून हक्क संपत नाही. पण त्याला सांगा, आत राहा. रिकाम्या खोलीवर लोकांची नजर जाते. हे सांगायचं काम अर्थात कोणी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका इरप्पाशेजारी ओट्यावर जाऊन बसले. त्यांचा हात त्याच्या खांद्यावर होता. गावी पुतण्याच्या घराला लागून तुम्हाला पक्की खोली बांधून देतो, म्हणाले. पत्रा नाही, स्लॅब. आपल्या माणसांत राहाल. इथे आता कोण आहे तुमचं? इरप्पा सगळं ऐकून म्हणाला, व्हय. काकांनी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा व्हय म्हटलं. काका आत येऊन म्हणाले, बघा, किती समजूतदार माणूस आहे, आपणच उगाच घाबरत होतो. त्या दिवशी आईने बऱ्याच दिवसांनी शेंगाच्या गोड पोळ्या केल्या. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं होतं. इरप्पाने दोन पोळ्या खाल्ल्या आणि नेहमीसारखी आपली ताटली स्वतः विसळून ठेवली. मोठ्या माणसाने खांद्यावर हात ठेवून विचारलं तर ‘नाही’ म्हणायची पद्धत त्याच्याकडे नव्हती. आणि ‘व्हय’चा अर्थ काय असतो, हे इतकी वर्षं ऐकूनही आम्हाला माहीत नव्हतं.

निबंधकाच्या कचेरीत आम्ही गेलो ते सकाळीच. अण्णा, काका, इरप्पा, वैद्य वकिलांचा कारकून, आणि इरप्पाला ओळखणारी साक्षीदार म्हणून मी. दुसरा साक्षीदार शेजारचा. इरप्पाने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि डोक्याला पटका. बाहेर झाडाखाली टायपिंगवाले, आत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त, पंखा फिरत होता पण वारा कोणालाच लागत नव्हता. आमचा नंबर आला तेव्हा दुपार झाली होती. टेबलामागचे साहेब आमच्याइतकेच दमलेले दिसत होते. त्यांनी कागद चाळला, इरप्पाची सही बघितली, आणि विचारलं, ‘सही कानडीत आहे. मराठी वाचता येतं का?’ इरप्पाने नाही अशी मान हलवली. ‘मग यात काय लिहिलंय हे वाचून दाखवलंय का कोणी?’ कारकून म्हणाला, समजावून सांगितलंय. साहेब म्हणाले, माझ्यासमोर वाचा. आणि कागद माझ्याकडे सरकवला, कारण मी सगळ्यात जवळ होते.

मी वाचत गेले. नाव, वय, धंदा, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा. ‘सदर खोलीत हयातीपर्यंत राहण्याचा मला मिळालेला हक्क मी आज रोजी कोणाच्याही दबावाशिवाय, स्वखुशीने, कायमचा सोडून देत आहे. यापुढे माझा अगर माझ्या वतीने कोणाचा...’ आक्काचा परिच्छेद मी त्याला वाचून दाखवला होता, आणि आता हाही मीच वाचत होते. साहेबांनी इरप्पाला विचारलं, ऐकलं ना? हे मान्य आहे?

इरप्पाने अण्णांकडे बघितलं. म्हणाला, ‘सर हायत की. त्यांनी म्हणलं म्हंजी झालं.’

‘सरांचं राहू द्या,’ साहेब म्हणाले. आवाजात चीडही नव्हती आणि मायाही. ‘खोली तुमची सुटणार आहे, सरांची नाही. तुमच्या मनात आहे का सोडायचं?’

इरप्पाने डोक्याचा पटका काढून हातात घेतला. मागची माणसं कुजबुजायला लागली. मग खाली बघून तो म्हणाला, ‘मनात न्हाय, साहेब. पर न्हाय म्हणायला तोंड उगडंना झालंय. मी मरंपत्तोर ऱ्हा म्हणून बाईंनी लिवलं. गावाला गेलो तर तितं मला कोण वळकतंय? माजी बायको हितं गेली. मी हितंच मरीन म्हणलं हुतं.’

साहेबांनी कागद उचलून अण्णांच्या हातात दिला. हा मी नोंदवणार नाही, आधी घरी जाऊन काय ते ठरवा, एवढंच म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली. काकांचा चेहरा लाल झाला होता. अण्णांनी तो कागद चार घड्या करून खिशात घातला. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बहिणीने विश्वासाने ज्यांच्यावर सोपवलं, तेच तिचा शब्द मोडायला निघाले होते, आणि तो मोडला नाही याचं श्रेय एका अनोळखी माणसाच्या कानडी सहीवर पडलेल्या नजरेला होतं. मला अण्णांचा राग आला होता. तो पुढे बरीच वर्षं टिकला, मग माझं स्वतःचं घर झालं, घरातल्या लोकांची दमणूक काय असते ते कळलं आणि तो ओसरला.

रिक्षातून आम्ही चौघं परत आलो. घरी पोचल्यावर अण्णांनी शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर मागे गेले आणि त्या खोलीतून खाटा बाहेर ओढायला लागले. मी मदतीला गेले. काका पायरीवर बसून बघत होते. थोड्या वेळाने तेही उठले आणि टेबलाचं दुसरं टोक त्यांनी धरलं. पोती पडवीत, मासिकं रद्दीवाल्याकडे. इरप्पा मध्ये मध्ये येत होता, ‘सर, ऱ्हाऊ द्या, मी करतो की,’ म्हणत होता. अण्णा त्याला म्हणाले, ‘तू बस. हे काम मालकांचं आहे, कागदात लिहिलंय.’ पुढच्या आठवड्यात खोलीला चुना दिला, दिव्याची तार ओढली, आणि पाण्याच्या लाइनला वेगळा नळ घेऊन तो खोलीच्या न्हाणीत सोडला. फाटकाला अण्णांनी कडी आणि कुलूप लावलं, म्हणजे राखायला माणूस लागणार नाही. इरप्पा पहिल्यांदा खोलीत झोपला तेव्हा त्याने दार उघडंच ठेवलं. आतून कडी लावायला त्याला पावसाळा उजाडावा लागला.

डॉक्टरांनी दुसरीकडे जागा घेतली. काकांनी मुलाचं लग्न केलं, सून त्याच दोन खोल्यांत आणली आणि आम्हाला पत्रिका पोस्टाने पाठवली. आता राहिलं काय, तर वाट बघणं. ते कोणी बोलायचं नाही. काकांचा फोन आला, की इकडचं तिकडचं बोलून शेवटी ते विचारायचे, इरप्पा कसा आहे? खरंच काळजीनेही विचारत असतील. आईने त्याच्या खोकल्यावर काढा करून दिला, की देताना तिची नजर खाली असायची. मीसुद्धा माहेरी आले की विचारायची, मामा, बरं आहे ना? एकदा तो मला म्हणाला, ‘ताई, तब्येत इचारली की काय सांगावं कळंना. बरं हाय म्हणलं तर तुमची खोटी हुती, बरं न्हाय म्हणलं तर माजी.’ असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. आक्काने त्याला छप्पर दिलं, त्याबरोबर त्याचं मरण आमच्या घरच्या कामांच्या यादीत घालून ठेवलं होतं. तिच्या मनात ते नव्हतं. पण हयातीपर्यंत दिलेल्या कुठल्याही गोष्टीचं असंच होत असणार. देणारा जिवाच्या हवाली करतो आणि घेणारे श्वास मोजत बसतात.

इरप्पा मात्र जगला. आम्ही सगळे थकत गेलो आणि तो तसाच काटकुळा राहिला. बाग बघायचा, पण आता मनाला येईल तेव्हा. कधी दुपारी ओट्यावर पाय पसरून बसलेला दिसायचा. असं त्याला मी लहानपणी कधी बघितलं नव्हतं. काका गेले ते झोपेत. त्यानंतर काही वर्षांनी अण्णा. अण्णांच्या तिरडीला खांदा द्यायला इरप्पा पुढे आला तेव्हा माझ्या चुलतभावांनी, त्याचं वय बघून, त्याला हळूच बाजूला घेतलं. तेराव्याला तो माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, ‘जायचं कुणी हुतं आनि गेलं कोन. लाज वाटती मला.’ मी त्याचा हात धरला. आई होती तोवर त्या घरात ती आणि तो, दोघंच. लग्नानंतर मीही पुण्याला गेले होते, तिथून फोन करायची, तर आई सांगायची, इरप्पाने भाकरी आणून दिल्या, माझ्याने आता थापवत नाहीत. दोन म्हाताऱ्या माणसांचं ते राहणं कुठल्या कागदात लिहिलेलं नव्हतं. आई गेल्यावर मी बंगला बंद केला. मागचा नळ, वीज आणि वाट, तेवढी चालू राहिली. ती बंद करण्याचा आम्हाला अधिकारच नव्हता.

तो गेला तेव्हा मी योगायोगाने सोलापुरात होते. दोन दिवस ताप, आणि सकाळी ओट्यावर चहाचा पेला हातात धरूनच. गावाहून त्याचा पुतण्या शरणप्पा बायकोला घेऊन आला. देह बसता ठेवून, विभूती लावून, त्यांच्या रीतीने सगळं झालं आणि इथल्याच मसणवट्यात त्याला माती दिली. परत आलो तर मोबाइलवर पुण्याच्या चुलतभावाचे दोन मिस्ड कॉल. फोन केला. त्याने आधी दुःख व्यक्त केलं, मनापासून केलं, आणि मग जरा थांबून म्हणाला, ताई, मृत्यूचा दाखला मिळाला की लगेच सिटी सर्व्हेला अर्ज देऊ, पत्रकावरची ती नोंद कमी करून घेऊ. वैद्य वकिलांचा मुलगा आता वकिली बघतो, त्यानेही तेच सांगितलं. कायद्याने बघायचं तर सकाळीच सगळं संपलं होतं. खोली आता आमची होती. निम्मी माझी, निम्मी काकांच्या मुलांची.

मी मागे गेले. शरणप्पा खोलीच्या बाहेर उभा होता, ओट्याच्याही खाली, मातीत. बायको पिशवी धरून त्याच्यामागे. दार उघडं होतं. आत इरप्पाचं अंथरूण तसंच होतं. गावाकडची शेवटची गाडी गेली होती. तो म्हणाला, ‘ताई, एक इचारायचं हुतं. आजची रात आत दिवा लावून बसलो तर चालंल का? सकाळी निगतो. आमच्या काकाचा हक्क संपलाय, ते आमाला ठावं हाय.’

मी म्हटलं, राहा. विचारायचं काय त्यात?

त्याने वाकून हात जोडले, त्याच्या बायकोनेही जोडले, आणि मग दोघं आत गेले. मी ओट्यावर बसले. इतकी वर्षं त्या खोलीत इरप्पा राहिला, आमच्यातल्या कुणाच्या मनात काहीही असो, आणि एवढ्या वर्षांत त्या खोलीसाठी त्याला कुणापुढे कधी हात जोडावे लागले नव्हते. आक्काला त्याला तेवढंच द्यायचं होतं.